कागदावर चारास एक, बेंचवर एकास एकही नाही: एका प्रेशर गेजचं प्रकरण

शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या युनिटमध्ये व्हॉल्व्हच्या बॉड्या मशीनिंग होऊन हायड्रो टेस्टला येतात. पाणी भरायचं, पंपानं दाब चढवायचा, ठरलेला वेळ धरायचा आणि कुठे पाझर दिसतो का ते बघायचं. ग्राहकाच्या ड्रॉइंगवर दाब स्पष्ट आहे: किमान १५ बार. फ्लोअरवर सगळे त्याला ‘पंधरा किलो’च म्हणतात. बार आणि किलोतला दोन टक्क्यांचा फरक हा वेगळ्या भांडणाचा विषय आहे, तो इथे नको. गेज बारमध्येच आहेत.

एका सकाळी ग्राहकाचा इन्स्पेक्टर स्वतःचा डिजिटल टेस्ट गेज घेऊन आला आणि म्हणाला, तुमच्या गेजशेजारीच टी लावून हा जोडा. बेंच क्रमांक ३ वर जोडला. दोन्ही गेज एकाच उंचीवर आहेत हेही त्यानं पाहून घेतलं. एक मीटर पाण्याच्या उंचीला ०.१ बारचा फरक पडतो, म्हणजे तो माणूस कच्चा नव्हता. बेंच चालवणाऱ्या मामांनी पंप मारला, काटा बरोबर १५ वर आणून थांबवला. इन्स्पेक्टरच्या गेजवर १४.६ दिसत होतं.

“काय वो साहेब, काटा पंधरावरच हाय की,” मामा म्हणाले.

काटा पंधरावर होता यात वादच नव्हता. त्या गेजला, आमच्या नोंदीतल्या क्रमांक ७ ला, तीन महिन्यांपूर्वी मीच पास केलं होतं. शीटवर माझी सही होती, आणि सहीच्या वर एका रकान्यात लिहिलं होतं: ‘टीयूआर ४:१, समाधानकारक’. टीयूआर म्हणजे गेजला माफ असलेली चूक ही तपासणीतल्या शंकेच्या किती पट आहे ते.

आधी साधा हिशेब. गेज ० ते २५ बारचा, अचूकता वर्ग १, म्हणजे फुल स्केलच्या एक टक्का. २५ चा एक टक्का ०.२५. गेजनं खऱ्या दाबापेक्षा ०.२५ बार इकडे किंवा तिकडे दाखवलं तर चालतं, त्यापलीकडे नाही. आता काटा १५ वर असताना खरा दाब १४.६ असेल तर चूक ०.४ झाली. हा गेज नापास आहे, आणि तोही वाईट बाजूनं: तो जास्त दाखवतो, म्हणून बॉड्यांना प्रत्यक्षात कमी दाब मिळतो.

पहिला विचार कुणाच्याही मनात येईल तोच आला: तीन महिन्यांत गेज बिघडला. बेंचवर पाण्याचे धक्के बसतात, काटा सरकतो. तसं असतं तर प्रकरण तिथेच संपलं असतं आणि मला हे लिहावं लागलं नसतं. पण शीट काढून बघितलं तर त्या दिवशीची नोंद अशी होती: गेजचा काटा १५.० वर, मास्टरवर, म्हणजे ज्याच्याशी बाकीचे गेज ताडून बघतो त्या गेजवर, १४.८. चूक +०.२, मर्यादा ०.२५, पास. म्हणजे गेज तेव्हाही उंबरठ्यावरच होता. मग मी आमचा मास्टरच एका बाहेरच्या लॅबमध्ये घेऊन गेलो आणि वजनांनी नेमका दाब देणाऱ्या डेड वेट टेस्टरवर चढवला. खरा दाब १५.० दिला, मास्टरनं १५.२ दाखवलं.

आता जुळवून बघा. कॅलिब्रेशनच्या दिवशी मास्टर १४.८ दाखवत होता, पण तो ०.२ जास्त दाखवतो. म्हणजे खरा दाब १४.६ होता. काटा १५ वर. तीच ०.४ ची चूक, जी इन्स्पेक्टरला दिसली. तीन महिन्यांत गेज तसूभरही हलला नव्हता. पहिल्या दिवसापासून तो नापासच होता, आणि आम्ही त्याला पास केलं होतं.

मास्टर तरी खराब होता का? नाही. हीच खरी गोम आहे. मास्टर होता ० ते १०० बारचा डिजिटल गेज, अचूकता फुल स्केलच्या ०.२५ टक्के. १०० बारचा ०.२५ टक्का म्हणजे ०.२५ बार. ०.२ नं चुकणारा मास्टर स्वतःच्या मर्यादेत अगदी रीतसर बसत होता.

शीटवरचं ‘४:१’ कुठून आलं ते आता कळेल. गेज एक टक्क्याचा, मास्टर पाव टक्क्याचा. एक भागिले पाव, चार. कुणीतरी कधीतरी हा भागाकार केला, शीटच्या फॉरमॅटमध्ये छापून टाकला आणि पुढे तो सगळ्यांनी वाचला, मीसुद्धा. पण पहिला एक टक्का २५ चा होता आणि दुसरा पाव टक्का १०० चा. बारमध्ये दोन्ही ०.२५. टक्क्यांचं गुणोत्तर चारास एक, दाबाचं गुणोत्तर एकास एक. गुजरीत सोन्याचा काटा तपासायला गुळाच्या अडतीतलं वजन आणावं, असा हा प्रकार. वजन खोटं नसतं, पण ते ज्या कामाचं आहे ते काम हे नव्हे.

मास्टर १०० बारचा का घेतला होता, तर एका जुन्या ऑर्डरसाठी ६० बारच्या टेस्ट होत्या. ती ऑर्डर गेली, मास्टर राहिला. “मोठ्या रेंजचा हाय, त्यात लहान सगळं बसतंय,” हे वाक्य मी फ्लोअरवर कित्येकदा ऐकलंय आणि दरवेळी मान डोलावलीय. रेंज बसते हो, पण फुल स्केलची टक्केवारी खाली येताना आपल्याबरोबर खाली येत नाही. १०० बारवरची ०.२५ ची चूक १५ बारवरही ०.२५ च राहते.

पण एकास एक हासुद्धा खरा आकडा नव्हे. टीयूआर म्हणजे गेजचा टॉलरन्स, म्हणजे त्याला माफ असलेली चूक, भागिले त्या कॅलिब्रेशनची अनिश्चितता. फक्त मास्टरच्या अचूकतेनं भागलं तर ते जुनं अचूकता गुणोत्तर झालं, ज्याला टीएआर म्हणतात. टीयूआरमध्ये खाली येते ती पूर्ण मोजमापाची विस्तारित अनिश्चितता, साधारण ९५ टक्के खात्रीची, म्हणजे के हा गुणक २ धरून. त्यात मास्टरबरोबर बाकीच्या गोष्टीही येतात: मास्टरचं स्वतःचं कॅलिब्रेशन किती पक्कं, त्याचा डिस्प्ले किती बारीक वाचतो, डायलवर काटा रेषेवर आणताना डोळा किती चुकतो, आणि तोच दाब पुन्हा दिला तर गेज तेच दाखवतो का.

आमच्या बेंचचा हिशेब मांडला. मास्टरची ०.२५ ही मर्यादा आहे, तिच्या आत चूक कुठेही असू शकते, म्हणून रीतीप्रमाणे वर्गमूळ ३ नं भागून ०.१४४. बाकीच्या चार गोष्टी, म्हणजे मास्टरच्या सर्टिफिकेटवरची अनिश्चितता, त्याचा ०.१ बारचा डिस्प्ले, डायलवरचा डोळा आणि गेजची पुनरावृत्ती, प्रत्येकी ०.०३ च्या आसपास आल्या. या सगळ्यांचे वर्ग करून बेरीज, मग वर्गमूळ:

```
u   = √(0.144² + 4 × 0.03²) ≈ 0.156
U   = 2 × u ≈ 0.31 bar
TUR = 0.25 / 0.31 ≈ 0.8
```

कागदावर चार, बेंचवर ०.८. तपासणाऱ्याची शंका तपासल्या जाणाऱ्याच्या परवानगीपेक्षा मोठी.

याचा अर्थ व्यवहारात काय? आम्ही गेज ७ ची चूक +०.२० मोजली आणि पास म्हणालो. मर्यादेपर्यंत ०.०५ उरले होते आणि मोजमापाचा सिग्मा, म्हणजे वरचा u, होता ०.१५६. घंटेच्या आकाराचा वक्र धरून ढोबळ हिशेब केला तर तो गेज प्रत्यक्षात मर्यादेबाहेर असण्याची शक्यता शंभरात ३७ च्या आसपास निघते. जवळजवळ छापा-काट्याचा खेळ, आणि त्यावर माझी सही.

मग चारच का, तीन का नाही, दहा का नाही? आमच्याकडे नव्यानं आलेल्या इंजिनीअर मुलीनं हे मला त्याच आठवड्यात विचारलं. “स्टँडर्डमध्ये आहे म्हणून” हे उत्तर मी तिला दिलं नाही, कारण तोवर माझाच त्या उत्तरावरचा विश्वास उडाला होता.

तिला मी वहीवर हे काढून दाखवलं. गेजच्या चुकांचा पसारा ४ धरा आणि तपासणीच्या शंकेचा १. दोन्ही स्वतंत्र असल्यानं सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होते: १६ अधिक १, वर्गमूळ ४.१२. म्हणजे तपासणीमुळे पसारा जेमतेम ३ टक्के फुगला. आपण जे बघतो ते बव्हंशी गेजच आहे, मास्टर मध्ये डोकावतो पण फार नाही. गुणोत्तर २ असेल तर पसारा १२ टक्के फुगतो. १ असेल तर ४१ टक्के, मग आपण गेज बघतोय की मास्टर हे सांगता येत नाही. उलट बाजूला जा: गुणोत्तर १० केलं तर फुगवटा अर्धा टक्का. एकाहून चारावर जाताना ४१ चे ३ झाले. चारावरून दहावर जाताना ३ चा अर्धा. पहिल्या टप्प्यात कमाई, दुसऱ्या टप्प्यात खर्च.

गेज बनवणाऱ्यांचा जुना नियम खरं तर दहास एकचाच होता. एखादा प्लग गेज किंवा साधं मोजमाप असेल तर तो परवडतो. पण कॅलिब्रेशन ही साखळी आहे. आमचा गेज ०.२५ चा. त्याच्या वर दहापट म्हणजे ०.०२५, त्याच्या वर ०.००२५, त्याच्या वर ०.०००२५, आणि अजून साखळीच्या टोकाची दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आलेलीच नाही. दहाच्या शिडीला तीन पायऱ्यांतच आभाळ लागतं. चारच्या शिडीनं तीन पायऱ्या चढलं तर आपण ०.००४ वर असतो, जिथे अजून विकत मिळणारी उपकरणं आहेत.

हा चार कुणी ठरवला त्याची गोष्टही अशीच व्यवहारी आहे. १९५० च्या दशकात अमेरिकन नौदलासाठी काम करणाऱ्या जेरी हेज यांच्यासमोर प्रश्न होता की कॅलिब्रेशन चुकून खराब उपकरण पास होण्याचा धोका किती ठेवायचा. त्या काळी प्रत्येक उपकरणासाठी धोक्याचं गणित हातानं करणं शक्य नव्हतं. एक टक्क्याच्या आसपासचा धोका मान्य करून गणितातून निघालं साधारण तीनास एक. गृहीतकं प्रत्यक्षात तंतोतंत उतरणार नाहीत म्हणून त्यात थोडी उशी घातली आणि १९५५ च्या त्यांच्या कामातून चारास एक पुढे आला. तोच नंतर लष्करी मानकांत शिरला. १९८८ च्या मिल-एसटीडी-४५६६२ए मध्ये मास्टरची एकत्रित अनिश्चितता टॉलरन्सच्या २५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी असं म्हटलं होतं. २००६ च्या झेड५४०.३ या अमेरिकन कॅलिब्रेशन मानकात मूळ अट बदलली: चुकून पास होण्याची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नको, आणि ती शक्यता काढणं व्यवहार्य नसेल तर चारास एक. म्हणजे चार हा नियमाचा आत्मा नव्हे, धोक्याचं गणित टाळण्यासाठी घेतलेला आडमार्ग आहे.

आणि आडमार्गालाही एक अट आहे. हेज यांचं गणित धरतं की बहुतेक उपकरणं मुळात टॉलरन्समध्येच असतात. शंभरात ९५ गेज चांगले असतील आणि टीयूआर ४ असेल तर चुकून पास होणाऱ्यांचं प्रमाण साधारण ०.८ टक्के येतं. पण ही सरासरी आहे, सगळ्या गेजांची मिळून. एकाच गेजबद्दल बोलायचं आणि त्याची चूक +०.२४ निघाली असेल, तर टीयूआर ४ असूनही तो बाहेर असण्याची शक्यता पुन्हा शंभरात ३७ च्या आसपासच निघते. चारास एकनं फक्त संशयाचा पट्टा अरुंद होतो. पट्ट्यात सापडलेल्याला तो वाचवत नाही.

आता आमचं काय झालं ते. सगळे १४ गेज बाजूला काढले. पण ते पुन्हा तपासायचे कशावर?

सर्वांत स्वस्त उपाय आमच्या कपाटातच होता, आणि तो न वापरल्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. मास्टरच्या सर्टिफिकेटवर २० बारला ‘+०.२’ असं छापलेलं होतं. दुरुस्ती तिथे लिहून दिलेली होती. आम्ही दरवर्षी सर्टिफिकेटचं शेवटचं पान बघायचो, ‘मर्यादेत’ वाचायचो आणि फाइल लावायचो. ती दुरुस्ती वजा केली असती तर मास्टरची ०.२५ ची मर्यादा धरायची गरजच नव्हती. उरली असती फक्त त्याच्या कॅलिब्रेशनची अनिश्चितता आणि वर्षभरात तो किती सरकतो ते. अडचण दोन ठिकाणी होती. सर्टिफिकेटवर ०, २०, ४० असे बिंदू होते आणि आमचं काम १५ वर, मधलं काय ते अंदाजानं. शिवाय डिस्प्ले ०.१ च्या पायरीचा, त्यामुळे दुरुस्तीही तितकीच ठोकळ. तात्पुरतं काम भागलं असतं, कायमचं नाही.

दुसरा विचार डेड वेट टेस्टर घेण्याचा. पिस्टनवर वजन ठेवायचं, वजन भागिले क्षेत्रफळ म्हणजे दाब, वाचनाच्या ०.०५ टक्के अचूकता. ऐकायला देखणं आहे. पण इथे एक गंमत आहे जी कॅटलॉगमध्ये पहिल्या पानावर नसते. वजनं मानक गुरुत्वासाठी, म्हणजे ९.८०६६५ साठी बनवलेली असतील, तर कोल्हापुरात ती थोडी हलकी पडतात. आपला अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची धरून हिशेब केला तर इथलं गुरुत्व साधारण ९.७८३ येतं. फरक जवळपास ०.२४ टक्के, म्हणजे टेस्टरच्या स्वतःच्या अचूकतेच्या पाचपट. १५ बारवर ०.०३६ बार. दुरुस्ती करता येते, एका गुणाकाराचं काम आहे, पण सेकंड शिफ्टला ती कोण करणार हा प्रश्न मी स्वतःलाच विचारला आणि तो बेत सोडला. ज्या लॅबमध्ये मास्टर नेला होता तिथे मात्र स्थानिक गुरुत्वाची दुरुस्ती लावलेली होती, ते मी विचारून घेतलं.

तिसरा पर्याय नवा डिजिटल मास्टर, ० ते ४० बारचा. इथे विक्रेत्यानं दोन दिले: ०.१ टक्क्याचा आणि ०.०५ टक्क्याचा. म्हणजे बारमध्ये ०.०४ आणि ०.०२. नुसत्या मास्टरशी तुलना केली तर पहिल्याचंच गुणोत्तर सहाच्या वर जात होतं. स्वस्तातलाच घेऊन टाकावा असं वाटलं. पण एकदा पोळल्यानंतर पूर्ण हिशेब मांडला.

०.१ टक्केवाल्याचा टीयूआर निघाला २.६. महागड्या ०.०५ टक्केवाल्याचा २.९.

मी दोनदा तपासलं. बरोबर होतं. आता मास्टर इतका चांगला झाला होता की तो अडथळाच राहिला नव्हता. उरलेली सगळी शंका गेजचीच होती: अर्ध्या बारच्या भागांच्या डायलवर काटा रेषेवर आणताना होणारी ०.०५ ची चूक, जी वर्गमूळ ३ नं भागल्यावर वरच्या हिशेबातली ०.०३ होते, आणि पुनरावृत्तीचे ०.०३. या दोघांपुढे मास्टर कितीही भारी आणला तरी गुणोत्तर तीनच्या वर जातच नव्हतं. पैसे ओतून सुटणारा हा गुंता नव्हता.

इथे काही लोक म्हणतात की तपासल्या जाणाऱ्या गेजचा डायल आणि पुनरावृत्ती टीयूआरमध्ये धरू नका, तो त्याचा दोष, मास्टरचा नव्हे. मला हे पटत नाही. पास-नापासचा निर्णय मी ज्या आकड्यावर घेतो त्या आकड्यात ती शंका आहेच. ती बाजूला ठेवली तर गुणोत्तर सुंदर दिसतं, निर्णय सुधारत नाही. आमच्या शीटवर आधीच एक सुंदर गुणोत्तर छापलेलं होतं.

म्हणून हात सुधारले. काटा वाचायला भिंग आणि डोळा डायलच्या काटकोनात. प्रत्येक वाचनाआधी गेजच्या काचेवर बोटानं हलकी टिचकी, म्हणजे आतल्या दातऱ्यांचं घर्षण सुटतं आणि काटा आपल्या जागी बसतो. मामा ही टिचकी आधीपासून मारायचे, आम्ही त्याला सवय समजत होतो. काटा नेमका रेषेवर आणायचा आणि वाचन मास्टरवर घ्यायचं, हे आम्ही आधीही करत होतो. नवं म्हणजे प्रत्येक बिंदूला तीन फेऱ्या आणि त्यांची सरासरी. चढताना आणि उतरताना वेगवेगळ्या, त्यांची भेसळ नाही. यामुळे डोळ्याची चूक ०.०२५ वर आली आणि पुनरावृत्तीचा वाटा ०.०३ वरून ०.०१७ वर.

या पद्धतीनं ०.१ टक्केवाल्या मास्टरचा टीयूआर ३.८ झाला, ०.०५ टक्केवाल्याचा ४.८. हात सुधारल्यावरच महाग मास्टरचे पैसे वसूल व्हायला लागतात, त्याआधी नाही. आम्ही ०.०५ वाला घेतला. ३.८ वर थांबायला हरकत नव्हती, चारची रेघ काही लक्ष्मणरेषा नाही. पण आमच्याकडे ० ते १० बारचे दोन गेज पण आहेत आणि त्यांना हाच मास्टर लागणार होता.

१४ गेज नव्यानं तपासले. आधी पास केलेले तीन नापास निघाले, तिन्ही जास्त दाखवणारे. ते अपेक्षितच होतं, कारण जुना मास्टर नेहमी एकाच बाजूला चुकत होता आणि म्हणून त्याच बाजूच्या चुका झाकत होता. जास्त बोचलं ते गेज ११ चं. त्याची चूक आम्ही −०.३ मोजली होती, नापास ठरवला होता आणि काटा उपसून, १५ बारला मास्टरशी जुळवून परत ठोकला होता. जुन्या मास्टरची ०.२ ची दुरुस्ती धरली तर त्याची खरी चूक −०.१ होती. चांगला गेज. आम्ही तो ‘दुरुस्त’ करून +०.२ वर नेऊन ठेवला. चुकून पास होण्याबद्दल सगळे बोलतात, पण चुकून नापास झालेला गेज बऱ्याचदा स्क्रू ड्रायव्हर आणि पुलरच्या तावडीत सापडतो आणि खरंच बिघडून बाहेर येतो.

बॉड्यांचं काय केलं हे विचाराल. बेंच ३ वर आणि बाकी दोन संशयित गेजांवर टेस्ट झालेला जो माल स्टॉकमध्ये होता तो सगळा पुन्हा लावला, खऱ्या १५ बारवर. एकही पाझरली नाही. जो माल निघून गेला होता त्याचे हीट नंबर आणि तारखा काढून ग्राहकाला लेखी कळवलं की या बॉड्या १५ ऐवजी १४.६ बारच्या आसपास टेस्ट झाल्या आहेत. त्यांनी कन्सेशन दिलं, म्हणजे माल आहे तसा चालवून घेतला, पण ते पत्र लिहिताना जो अर्धा दिवस गेला तो माझ्या लक्षात आहे.

शीटचा फॉरमॅट बदलला. ‘टीयूआर’च्या रकान्यात आता छापील आकडा नाही. दोन आकडे बारमध्ये लिहावे लागतात, टॉलरन्स आणि अनिश्चितता, आणि भागाकार तिथेच करायचा. टक्के लिहायला जागाच ठेवलेली नाही.

० ते १० बारच्या दोन गेजांवर अजून चार मिळत नाहीत. त्यांचा टॉलरन्स ०.१ आणि याच मास्टरवर अनिश्चितता ०.०३, म्हणजे ३.३. फुल स्केलचा तोच फास, थोडा सैल. त्यांच्यासाठी अजून एक मास्टर घ्यायचा नाही असं ठरलं. त्याऐवजी पास व्हायची मर्यादा आत ओढली: टॉलरन्समधून अनिश्चितता वजा, ०.०७. मोजलेली चूक ०.०७ च्या आत असेल तरच पास. आयएसओ/आयईसी १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीत ‘निर्णय नियम’ लिहून ठेवायला सांगितलंय तो हाच प्रकार. त्यात दोन्हीपैकी एक गेज गेल्या वेळी ०.०८ वर अडकला. नुसत्या टॉलरन्सच्या भाषेत तो अजून चांगला आहे. मामांना तो परत बेंचवर हवाय, कारण त्याचा डायल मोठा आहे आणि वाचायला सोपा जातो.

“पाव बारसाठी एवढं रामायण, आणि आता ०.०८ साठी परत,” ते म्हणाले, आणि कपाटावरच्या लाल टॅग लावलेल्या गेजला बोटानं एक टिचकी मारून गेले.